घटक ५ : परिचयपर भाषण – शब्दकोडे मंडळाचा पहिला शनिवार

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला परिचयपर भाषण आणि प्रचारपर भाषण यांतील भेद सांगता येईल, श्रोत्यांकडून प्रत्यक्ष कृती करवून घेणाऱ्या भाषणाची घडण ओळखता येईल आणि देवनागरी शब्दकोड्याचे अक्षरनियम उदाहरणांसह समजावून देता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण स्वागतपर आणि आभारपर भाषणांचा विचार केला. त्या भाषणांत श्रोत्यांना काही करायचे नसते. त्यांनी ऐकून घेतले म्हणजे भाषणाचे काम झाले. परिचयपर भाषणाचे तसे नाही. एखादा नवा उपक्रम सुरू होत असतो आणि समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्यात यावे, अशी वक्त्याची इच्छा असते. भाषण संपल्यावर कोणीच आले नाही, तर वाक्ये कितीही डौलदार असली तरी ते भाषण वाया गेले असे समजावे.

या घटकासाठी निवडलेला प्रसंग साधा आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध येथील एका माध्यमिक शाळेत मराठीचे शिक्षक दर शनिवारी भरणारे शब्दकोडे मंडळ सुरू करीत आहेत. पाचवी ते आठवीची मुले वर्गात बसली आहेत. भाषण या पाठासाठीच रचलेले आहे. शिक्षक आणि मुले कल्पित आहेत. परिसर मात्र खरा आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे गाव तेथील विस्तीर्ण तलावामुळे ओळखले जाते. कोहळी समाजातील कोलू पाटलाने हा तलाव बांधला असे सांगतात. भोवतालच्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गावाभोवती धानाची शेती आहे, आणि अनेक घरांत बोलली जाते ती झाडीबोली. ही शेवटची बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

५.२ भाषणाचा आरंभ

अशा प्रसंगी बहुतेक वक्ते कोडी सोडवण्याचे फायदे सांगू लागतात : बुद्धी तल्लख होते, शब्दसंपत्ती वाढते, स्मरणशक्ती सुधारते. हे सारे खरे असले तरी पाचवीतल्या मुलाला त्यातून काहीच मिळत नाही, कारण तेच फायदे त्याने पाढ्यांविषयी आणि श्लोकांविषयीही ऐकलेले असतात. आपल्या शिक्षकांनी ही वाट टाळली आहे. त्यांच्या भाषणाचा आरंभ असा :

“मुलांनो, मी तुम्हांला आज एक जुनी गोष्ट सांगणार आहे, पण छोटीशी. २१ डिसेंबर १९१३ या दिवशी अमेरिकेतल्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ नावाच्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक नवाच खेळ छापून आला. तो तयार करणारे गृहस्थ होते आर्थर विन. चौकटीचा आकार पतंगासारखा होता आणि खेळाचे नाव होते ‘वर्ड-क्रॉस’. पुढे काही आठवड्यांतच ते नाव उलटे होऊन ‘क्रॉसवर्ड’ झाले. आपण त्याला शब्दकोडे म्हणतो. आता त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ऐका. त्या पहिल्या कोड्यात एक शब्द विन यांनी स्वतःच भरून दिला होता : ‘फन’, म्हणजे मौज. वाचकांनी असला खेळ कधी पाहिलेला नव्हता. म्हणून त्यांनी आरंभ करून दिला. मीही आज तेच करणार आहे. तुम्हांला एकही शब्द आला नाही तरी चालेल, पहिला मी देतो.”

येथे शिक्षकांनी काय केले ते पाहू. नवशिक्याला “घाबरू नका” असे सांगणे सोपे असते. पण त्या शब्दांनी भीती जात नाही, उलट येथे घाबरण्यासारखे काही आहे अशी सूचनाच मिळते. शिक्षकांनी भीतीचा उल्लेख टाळून तिचे कारण काढून टाकले. कोड्यासमोर बसलेल्या नवशिक्याची अडचण बहुधा पहिल्या शब्दाची असते. कोरी चौकट त्याला काहीच सुचवत नाही. एक शब्द भरला की चौकट बोलू लागते. विन यांच्या कोड्याची हकीकत इतिहास म्हणून आलेली नाही; पुढच्या कृतीला आधार म्हणून ती आली आहे, आणि म्हणूनच ती पाच-सहा वाक्यांत आटोपते. तारीख आणि नाव सांगून झाल्यावर कोड्याचा सबंध इतिहास सांगण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

५.३ घरात काय बसते?

पहिला शब्द देण्यापूर्वी शिक्षक एक नियम सांगतात. मराठी कोड्याचा हा पायाच आहे.

“एका घरात एक अक्षर. पण अक्षर म्हणजे काय? आपल्या तालुक्याचे नाव लिहू : अर्जुनी. किती घरे लागतील? कोणी चार म्हणेल. अ, मग र, मग जु, मग नी. पण तो ‘र’ कुठे लिहिला आहे? ‘जु’च्या डोक्यावर. तो जिथे बसला, त्या घरात राहील. म्हणून घरे तीनच : अ, र्जु, नी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, सारे आपापल्या अक्षराबरोबर एकाच घरात राहतात. आता गोंदिया? गों, दि, या. तीन. उद्यान? उ, द्या, न. तीन. तुम्ही टाळी वाजवत शब्द म्हणून पाहिलात तर काही वेळा फसाल. लिहून पाहिलात तर फसणार नाही.”

शेवटचे वाक्य अनुभवी माणसाचे आहे. ‘उद्यान’ उच्चारताना आपण ‘उद्-यान’ असे तोडतो; उच्चारातील तुकडे दोन आणि लिखित अक्षरे तीन. म्हणजे कोडे कानासाठी नसून डोळ्यांसाठी आहे. जोडाक्षर, रफार आणि अनुस्वार या तीन ठिकाणी नवशिक्या हमखास अडतो. चुकीची मोजणी झाली की योग्य शब्दसुद्धा ‘बसत नाही’ म्हणून सोडून देतो. मुलाला उत्तर येत असते आणि तरी ते चुकते, हा प्रकार नाउमेद करणारा असतो. म्हणून मोजणी आधी, सुगावे नंतर हा शिक्षकांनी ठेवलेला क्रम योग्य आहे.

आता थोडे मागे जाऊन या नियमाचा एक परिणाम पाहू. इंग्रजी कोड्यात घरात बसू शकणारी चिन्हे २६ आहेत. मराठीत एकट्या ‘क’चीच बाराखडी होते, सर्व व्यंजनांचा हिशेब केला तर ही संख्या चारशेच्या आसपास जाते आणि जोडाक्षरे वेगळीच. दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर छेदाच्या घरातले अक्षर काना-मात्रेसह तेच असावे लागते. ‘सारस’ आणि ‘सरडा’ हे शब्द आरंभीच्या घरात छेदू शकत नाहीत. एकाकडे ‘सा’ आहे, दुसऱ्याकडे ‘स’. म्हणून मराठी कोडे रचणाऱ्याला छेद जुळवणे कठीण जाते आणि आपल्या कोड्यांत काळी घरे अधिक दिसतात. रचणाऱ्याची ही अडचण सोडवणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते. इंग्रजीत शेवटी ‘ए’ आहे एवढे कळून फारसे हाती लागत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी ‘डा’ आहे असे कळले की उमेदवार मोजकेच उरतात. छेदातून मिळालेले एकेक अक्षर आपल्या लिपीत जास्त सांगते. नवशिक्याला धीर यावा असे जर काही या खेळात असेल तर ते हे आहे, आणि शिक्षकांनी फळ्यावर तेच दाखवून दिले आहे.

५.४ फळ्यावरचे कोडे

शिक्षकांनी फळ्यावर पाच बाय पाचची चौकट काढली. काळी घरे रेघोट्यांनी भरली. खालील आकृतीत ■ म्हणजे काळे घर, □ म्हणजे कोरे घर. अंक असलेल्या कोऱ्या घरापासून त्या क्रमांकाचा शब्द सुरू होतो.

```
■  ■  १  ■  ■
■  ■  □  ■  २
३  □  □  ■  □
□  ■  ■  ४  □
५  □  □  □  ■
```

सुगावे असे आहेत. कंसातील अंक अक्षरसंख्या दाखवतो.

आडवे : ३. तलावात फुलते, लक्ष्मी त्यावर बसते (३). ४. सकाळी अंगणात घालतात तो (२). ५. चुलीसाठी रानातून गोळा करून आणतात ते (४).

उभे : १. धान भरडल्यावर हाती येतो तो (३). २. तलावाच्या पाण्यात वाढतो, साल काटेरी, उकडूनही खातात (३). ३. देवळाच्या शिखरावर असतो तो (३). ४. पोळा हा एक, दिवाळी हा दुसरा (२).

पुढे वाचण्यापूर्वी आपण स्वतः हे कोडे वहीत उतरवून सोडवावे. त्यानंतर भाषणाचा पुढील भाग वाचावा.

“१ उभे मी भरून देतो : तांदूळ. तां, दू, ळ. आता याचा शेवटचा ‘ळ’ कुठे गेला पाहा. तो ३ आडव्याच्याही शेवटच्या घरात आहे. म्हणजे ३ आडव्याचे एक अक्षर तुम्ही न विचारताच तुम्हांला मिळाले. आता सांगा, तलावात फुलते, लक्ष्मी त्यावर बसते.”

एक मुलगी म्हणते, “सर, पंकज.”

“छान. अर्थ बरोबर. तीन अक्षरे, तीही बरोबर : पं, क, ज. आता घरात ठेवून पाहू. शेवटी ‘ज’ येतो, आणि तिथे तर ‘ळ’ बसला आहे. मग दोघांपैकी एक शब्द उठणार. तांदळाची आपल्याला खात्री आहे. म्हणून पंकज उठेल. पण त्याच अर्थाचा, ‘ळ’ने संपणारा दुसरा?”

वर्गातून उत्तर येते : कमळ.

या छोट्याशा देवाणघेवाणीकडे लक्ष द्यावे. मुलीचे उत्तर चुकीचे ठरवण्याचे काम शिक्षकांनी स्वतःकडे घेतले नाही. ते चौकटीकडे सोपवले. ‘चूक’ हा शब्दच त्यांनी वापरला नाही, आणि तो टाळण्याचे कारण मवाळपणा नव्हे. उत्तर खरोखरच चुकीचे नव्हते. सुगाव्याला ते पुरे पडत होते, छेदाला पडत नव्हते. सुगावा आणि छेद या दोन वेगळ्या साक्षी आहेत आणि शब्द पक्का होण्यासाठी दोन्ही लागतात, ही गोष्ट वर्गाला व्याख्येविना कळली. पुढे त्या मुलीला पेन्सिल आणि खोडरबर का लागते हे सांगण्याची गरज पडत नाही.

तेथून कोडे वेगाने सुटते. ‘कमळ’चा ‘क’ ३ उभ्याचे पहिले अक्षर देतो : देवळाच्या शिखरावर ‘क’ने सुरू होणारा, तो कळस. कळसाचा ‘स’ ५ आडव्याचे पहिले अक्षर होतो. येथे एक मुलगा ‘जळण’ सुचवतो. अर्थ जुळतो, पण अक्षरे तीनच आणि आरंभही ‘स’ने नाही. दुसरा म्हणतो, “सरपन.” या ठिकाणी भाषण थांबते आणि शिक्षकांच्या कसोटीचा क्षण येतो.

५.५ घरची बोली आणि छापील शब्द

नवेगाव बांधच्या परिसरात पुष्कळ घरांत ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ कानावर पडते. ‘ण’चा उच्चार ‘न’ होणे हे झाडीबोलीचे एक ठळक लक्षण आहे. ज्या मुलाने ‘सरपन’ म्हटले त्याने शब्द ओळखला, अक्षरे बरोबर मोजली, छेदही सांभाळला. त्याला सरळ ‘चूक’ म्हटले तर तो पुढच्या शनिवारी येणार नाही; आणि काहीच न बोलता ‘ण’ लिहून पुढे गेले तर आपल्या घरचे बोलणे शाळेत चालत नाही एवढेच तो शिकेल. शिक्षक म्हणतात :

“बरोबर ओळखलेस. तुमच्या घरी सरपन, माझ्याही घरी सरपन. त्या शब्दाने चूल तितकीच पेटते. पण हे कोडे छापील मराठीत रचले आहे, आणि छापताना तिथे ‘ण’ असतो : सरपण. ही कोड्याची अट आहे. जसे कबड्डीत रेषा कुठे आहे ते आधी ठरते. पुढच्या महिन्यात आपण एक कोडे असे करू की ज्यात अट उलटी असेल. त्यात बोडी येईल, पऱ्हे येतील, बांधी येईल. त्या दिवशी माझ्यासारख्यांना तुम्हांला विचारावे लागेल.”

बोडी म्हणजे लहान तलाव, पऱ्हे म्हणजे धानाची लावणीसाठी वाढवलेली रोपे आणि बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांधांनी घेरलेला वाफा. तिन्ही शब्द दोन अक्षरी आहेत. ‘पऱ्हे’मधील ‘ऱ्हे’ एकाच घरात बसते हे ओघाने लक्षात यावे. असे कोडे करताना शब्दाचे लेखन कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी सिद्ध केलेला झाडीबोलीचा शब्दकोश मंडळाच्या टेबलावर असावा. पक्ष्यांची नावे घ्यायची असतील तर याच परिसरात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी केलेल्या पक्ष्यांच्या कोशाचा आधार मिळतो.

येथे छेदाच्या साक्षीची मर्यादाही कळते. ५ आडव्यात ‘सरपन’ लिहिले तर त्याचा शेवटचा ‘न’ ४ उभ्याचे दुसरे अक्षर होतो, आणि तेथे ‘सण’च्या जागी ‘सन’ बसतो. घरी सणालाही ‘सन’ म्हणणाऱ्या मुलाला यात काहीच खटकणार नाही. शिवाय ‘सन’ हा वर्ष या अर्थाचा स्वतंत्र शब्दही मराठीत आहे. चौकट पूर्ण भरेल, प्रत्येक छेद जुळेल आणि तरी दोन घरांतील शब्द छापील लेखनाशी विसंगत राहतील. एकाच दिशेने झालेल्या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात. त्या पकडायला छेद पुरत नाही, कोशच उघडावा लागतो. ‘पंकज’ छेदाने पकडला गेला, ‘सरपन’ पकडला गेला नसता. दोन उदाहरणांतील हा फरक या घटकातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि परीक्षेसाठी नव्हे तर प्रत्यक्ष मंडळ चालवण्यासाठी तो लक्षात ठेवावा.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न याच जातीचा आहे. ‘तांदूळ’मधील ‘दू’ दीर्घ आहे, कारण मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम आहे. मात्र ‘तांदळाचा’ म्हणताना तो उकारच नाहीसा होतो. आपल्या कोड्यात ‘दू’च्या घरातून दुसरा शब्द जात नाही, तेव्हा कोणी ‘दु’ लिहिले तर चौकट त्याला अडवणार नाही. वेलांटी-उकाराची सूट द्यायची की नाही हे मंडळाने पहिल्याच दिवशी ठरवावे. आमच्या मते पहिले काही आठवडे ती द्यावी. नवशिक्याला शब्द सापडण्याचा आनंद आधी मिळू द्यावा, शुद्धलेखनाची शिस्त मागून आली तरी बिघडत नाही. यावर मतभेद असू शकतो.

५.६ शेवटचे तीन शब्द आणि सुगाव्याचे व्याकरण

‘सरपण’ बसल्यावर ४ उभे आपोआप ‘_ ण’ असे होते आणि ‘सण’ हे उत्तर निघते. सणाचा ‘स’ ४ आडव्याचा आरंभ होतो. सकाळी अंगणात घालतात तो, ‘स’ने सुरू होणारा, दोन अक्षरी : सडा. येथे एखादा ‘रांगोळी’ म्हणेल; तिची अक्षरे तीन आहेत हे एक कारण, पण त्याआधी सुगाव्यातच तिला नकार आहे. सुगावा ‘घालतात तो’ असे म्हणतो, ‘घालतात ती’ असे म्हणत नाही. मराठी सुगाव्यात लिंग आणि वचन दडलेले असते. ५ आडव्यात ‘आणतात ते’ आहे, म्हणजे उत्तर नपुंसकलिंगी एकवचनी असण्याचा संभव. ‘सरपण’ तसे आहे. इंग्रजी सुगाव्याला ही सोय फारशी नाही. कोडे रचताना सुगाव्याचे लिंग-वचन उत्तराशी जुळले नाही, तर सोडवणाऱ्याची फसवणूक होते, आणि नवशिक्या मात्र तो दोष स्वतःकडे घेतो. म्हणून मंडळासाठी कोडे रचणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक सुगाव्यात उत्तर घालून सबंध वाक्य म्हणून पाहावे. “सकाळी अंगणात सडा घालतात” हे वाक्य नीट उभे राहते.

शेवटचा शब्द २ उभे. शिक्षकांनी येथे सुगावा वाचलाच नाही.

“आता मी काही सांगत नाही. सड्याचा ‘डा’ इथे खाली आला आहे. तीन अक्षरे, शेवटी ‘डा’. आपल्या तलावाकडे पाहा आणि सांगा.”

“शिंगाडा!”

“सात शब्द. मी एकच दिला होता. उरलेल्या सहांतला प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाने दिलेल्या एका अक्षरावर उभा राहिला.”

कोड्याची रचना आता उलगडून पाहावी. सात शब्दांत मिळून वीस अक्षरे आहेत, कोरी घरे मात्र चौदा. कारण सहा घरे दोन-दोन शब्दांत वाटलेली आहेत. शब्द साखळीसारखे एकामागून एक जोडले आहेत. हा नवशिक्यांसाठी केलेला मुद्दामहून सोपा आराखडा आहे. मागे जायचे नसते, एका वेळी एकच रस्ता खुला असतो. याचा तोटाही आहे : साखळीतली एक कडी तुटली की पुढचे सारे अडते. सरावलेल्या मुलांसाठी जाळीसारखे कोडे हवे, ज्यात एका शब्दाला दोन-तीन ठिकाणांहून मदत मिळते. आणखी एक बारकावा असा, की ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरे मराठी शब्दाच्या आरंभी सहसा येत नाहीत. म्हणून रचणाऱ्याने ‘तांदूळ’ व ‘कमळ’ यांचे शेवट एकाच ‘ळ’वर आणि ‘सरपण’ व ‘सण’ यांचे शेवट एकाच ‘ण’वर आणून ठेवले आहेत. सोडवताना एखाद्या शब्दाच्या पहिल्याच घरात ‘ळ’ येऊ लागला, तर छेदणारा शब्द चुकला आहे असे खुशाल समजावे.

५.७ निमंत्रण

कोडे सुटल्यानंतरच शिक्षक मंडळाची माहिती देतात. हा क्रम उलटा असता तर माहिती ऐकताना मुलांना कशाची माहिती ऐकत आहोत हे कळले नसते.

“दर शनिवारी, शाळा सुटण्याआधीच्या शेवटच्या तासाला, याच खोलीत. येताना गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल आणा, पेन नको. पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने पाहायचे. मग दोघांची जोडी, एक मोठ्या वर्गातला आणि एक लहान वर्गातला. पण पेन्सिल लहानाच्या हातात राहील. मोठ्याने बोलायचे, लिहायचे नाही. कोडे अर्धे राहिले तर घरी न्या, आजीला विचारा, शेजाऱ्याला विचारा. विचारून भरलेल्या शब्दाखाली छोटी रेघ मारा, म्हणजे तो शब्द कोणी दिला हे आपण शनिवारी सांगू शकू. ज्यांना यायचे आहे त्यांनी नाव आज दिले पाहिजे असे नाही. पुढच्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसून पाहिले तरी चालेल.”

या परिच्छेदात एकही विशेषण मंडळाची स्तुती करीत नाही. वेळ, जागा, साहित्य आणि वागण्याच्या अटी एवढेच आहे. “पेन्सिल लहानाच्या हातात” ही अट मात्र विचारपूर्वक घातलेली आहे. जोडीत मोठा मुलगा सहज सगळे लिहून टाकतो आणि लहान मुलगा प्रेक्षक होतो. अटीने ते घडायचे थांबते. रेघ मारण्याची अटही अशीच आहे. विचारणे हे कमीपणाचे मानले जाऊ नये म्हणून विचारलेल्या शब्दाला वहीत जागा दिली आहे, लपवाछपवी नाही. शिवाय त्यातून शिक्षकांना कळते की कोणता सुगावा बहुतेकांना अवघड गेला. दहा वह्यांत एकाच शब्दाखाली रेघ आली, तर दोष मुलांच्या शब्दज्ञानात शोधण्याआधी सुगाव्यात शोधावा.

शेवटचे वाक्य परत वाचावे. नाव नोंदवण्याची सक्ती नाही, नुसते पाहायला येण्याची मुभा आहे. सर्वांसमोर हात वर करायला संकोचणाऱ्या मुलासाठी हे दार उघडे ठेवलेले आहे.

५.८ आपली प्रगती तपासा

१. पुढील शब्दांना कोड्यात किती घरे लागतील ते प्रत्येक अक्षर सुटे लिहून दाखवा : अभयारण्य, इटियाडोह, पक्षी, मोरगाव, राष्ट्रीय.

२. ५.४ मधील कोड्यात ‘पंकज’ छेदाने अडला, परंतु ‘सरपन’ अडला नसता. याचे कारण सुमारे दहा ओळींत लिहा आणि आपल्या भागातील बोलीतून असेच एक उदाहरण द्या.

३. ‘शिंगाडा’ या शब्दातील ‘गा’च्या घरापासून उजवीकडे दोन नवी घरे वाढवून तीन अक्षरी एक आडवा शब्द बसवा. त्यासाठी वरच्या आणि खालच्या ओळींत कोणती घरे काळी ठेवावी लागतील ते आकृतीत दाखवा. सुगावा लिहिताना उत्तराचे लिंग आणि वचन सांभाळा.

४. आपल्या गावातील शाळेत किंवा वाचनालयात असे मंडळ सुरू होत आहे असे समजून पाच मिनिटांचे परिचयपर भाषण लिहा. त्यात सहा शब्दांचे, साखळी पद्धतीचे एक कोडे स्वतः रचून घाला, त्यातील कोणता शब्द आपण आधी भरून द्याल ते ठरवा आणि तोच शब्द का, हे भाषणाखाली वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट करा.